तीन ओळी चुकल्या, चार चुका निघाल्या, आणि कारण एकच

प्रश्न: Y = A·B' + (B + C)' या पदावलीचे ट्रूथ टेबल मी भरले. माझ्या Y च्या रकान्यात वरून खाली 1, 1, 1, 0, 1, 1, 1, 0 आले. पुस्तकात 1, 0, 0, 0, 1, 1, 0, 0 असे आहे. म्हणजे तीनच ओळी चुकल्या, तरी सरांनी (B + C)' च्या रकान्यात चार चुका दाखवल्या. प्रत्येक ओळ मी दोनदा तपासली आहे. चूक नेमकी कुठे होते?

उत्तर:

तुमची आकडेमोड चुकलेली नाही, वाचन चुकले आहे. म्हणूनच दोनदा तपासूनही चूक हाती लागली नाही, कारण एकच चुकीचा नियम मन लावून दोनदा वापरला की उत्तरही दोन्ही वेळा तेच येते. ट्रूथ टेबलची एक गोष्ट मला फार सोयीची वाटते. कोणत्या ओळी चुकल्या एवढे पाहिले तरी कोणती चूक झाली हे बहुतेक वेळा सांगता येते, विद्यार्थ्याला एकही प्रश्न न विचारता. तुमच्या चुकलेल्या ओळी 001, 010 आणि 110 या आहेत. या तिन्हींमध्ये समान काय आहे ते पाहा. तिन्ही ओळींत B आणि C एकमेकांपेक्षा वेगळे आहेत, एक 0 आहे आणि दुसरा 1. जिथे B आणि C सारखे आहेत अशी तुमची एकही ओळ चुकलेली नाही. याचा अर्थ असा की (B + C)' लिहिताना तुम्ही कंसावरचा नकार आतल्या दोन्ही अक्षरांना वेगवेगळा वाटून दिला आणि B' + C' असे काढले.

कळफलकावर अक्षराच्या डोक्यावर रेघ मारता येत नाही म्हणून आपण इथे ' हे चिन्ह वापरतो, पण वहीत आणि फळ्यावर ती आडवी रेघच असते, आणि घोटाळा बहुधा तिथेच सुरू होतो. मराठी लिहिणाऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये, कारण शिरोरेषा कुठे तुटते यावर शब्द कुठे संपतो हे आपण रोज ठरवतो. ‘कामगार’ या शब्दाची शिरोरेषा मध्येच तोडली की ‘काम गार’ उरते आणि कामगार नाहीसा होतो. B + C च्या डोक्यावर एक अखंड रेघ असेल तर आधी B + C ची बेरीज पूर्ण करायची आणि आलेल्या एका उत्तराचा नकार घ्यायचा. रेघ मध्ये तुटलेली असेल तर आधी दोन वेगळे नकार आणि मग त्यांची बेरीज. माझ्या हातून एकदा फळ्यावर ही रेघ अधिकचिन्हाच्या वर किंचित तुटली होती, खडू घसरला एवढेच झाले होते, आणि त्या दिवशी निम्म्या वर्गाच्या वह्यांत नेमका तुमच्यासारखा रकाना उतरला. तेव्हापासून रेघ कितीही स्पष्ट असली तरी तिच्याखाली मी कंसही घालते.

दोन्हींचा अर्थ किती वेगळा आहे हे एका साध्या उदाहरणाने पाहू. B म्हणजे ओटीवरचा दिवा चालू आहे आणि C म्हणजे स्वयंपाकघरातला दिवा चालू आहे, असे धरा. (B + C)' म्हणजे ‘घरातला कोणताच दिवा चालू नाही’. B' + C' म्हणजे ‘निदान एक दिवा बंद आहे’. ओटीवरचा दिवा चालू आणि स्वयंपाकघरातला बंद असेल, तर पहिले विधान खोटे ठरते आणि दुसरे खरे. दोन्ही चालू किंवा दोन्ही बंद असतील तर मात्र दोन्ही विधानांचे उत्तर एकच येते, म्हणून त्या ओळींमध्ये तुमची चूक दिसत नाही. तुम्ही डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा केली असेल तर हेच असेही सांगता येईल: (B + C)' हे एक नॉर गेट आहे आणि B' + C' हे नॅंड गेट आहे. ट्रेनर किटवर 7402 लावायच्या जागी 7400 लावण्याइतका हा फरक आहे.

कंसावरचा नकार आत न्यायचाच असेल तर आतली क्रियाही बदलावी लागते, बेरजेचा गुणाकार आणि गुणाकाराची बेरीज होते. म्हणजे (B + C)' = B'·C'. हा डी मॉर्गनचा नियम. ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली मदुराईचा, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. पण टेबल भरताना हा नियम न वापरणेच सुरुवातीला बरे, कारण टेबल भरायला त्याची गरजच नसते. आधी B + C चा रकाना काढा आणि मग त्याच रकान्यातला प्रत्येक अंक उलटा करा. इतके केले की नियम अर्धवट आठवण्याचा धोका उरत नाही.

आता तीन आणि चार यांचा हिशोब. B आणि C वेगळे असलेल्या ओळी एकूण चार आहेत: 001, 010, 101 आणि 110. तुमचा मधला रकाना या चारही ओळींत चुकला, आणि सरांनी तेवढेच दाखवले. पण 101 या ओळीत A = 1 आणि B = 0 असल्यामुळे A·B' आधीच 1 आहे. बेरजेत एक बाजू 1 असली की दुसरी बाजू काहीही असो, उत्तर 1 च येते. मधल्या रकान्यात तिथे 0 हवा होता आणि तुम्ही 1 लिहिला, पण शेवटच्या रकान्यापर्यंत ती चूक पोहोचलीच नाही. चूक झाकली गेली, दुरुस्त झाली नाही. फक्त शेवटचा रकाना पुस्तकाशी जुळवून पाहणाऱ्याला हे कळत नाही, आणि म्हणूनच मधले रकाने तपासण्याचा सरांचा आग्रह मला योग्य वाटतो. वेगळी पदावली असती तर हीच चूक कदाचित एकाही ओळीत वर आली नसती आणि तुम्ही ती परीक्षेपर्यंत बरोबर घेऊन गेला असता.

पूर्ण टेबल असे होते:

```
A B C | B' | A·B' | B+C | (B+C)' | Y
0 0 0 | 1  |  0   |  0  |   1    | 1
0 0 1 | 1  |  0   |  1  |   0    | 0
0 1 0 | 0  |  0   |  1  |   0    | 0
0 1 1 | 0  |  0   |  1  |   0    | 0
1 0 0 | 1  |  1   |  0  |   1    | 1
1 0 1 | 1  |  1   |  1  |   0    | 1
1 1 0 | 0  |  0   |  1  |   0    | 0
1 1 1 | 0  |  0   |  1  |   0    | 0
```

हे टेबल मी आडवे भरत नाही, उभे भरते. पहिले तीन रकाने तर न विचार करता भरता येतात: C मध्ये 0 आणि 1 एकाआड एक, B मध्ये दोन 0 आणि दोन 1 आलटून पालटून, A मध्ये चार 0 आणि चार 1. तीन चलांसाठी आठ ओळी, चार चलांसाठी सोळा. त्यानंतर प्रत्येक रकाना एकाच क्रियेचा ठेवायचा. B' भरताना फक्त B कडे पाहायचे, A·B' भरताना A आणि B' हे दोनच रकाने पाहायचे, बाकीचे हाताने झाकले तरी चालतील. अशा वेळी आठही चौकटींत हात एकच नियम वापरत असतो, आणि एखाद्या ओळीत नियम मध्येच बदलण्याची शक्यता कमी होते. आडवे भरताना मात्र प्रत्येक ओळीत नकार, गुणाकार, बेरीज, पुन्हा नकार अशी क्रिया बदलत जाते, आणि चौथ्या-पाचव्या ओळीनंतर मन कंटाळून ‘वरच्यासारखेच असेल’ असे म्हणू लागते. आडवी पद्धत मी भरून झालेल्या टेबलातील एखादी संशयास्पद ओळ तपासायला वापरते, भरायला नाही.

B + C हा स्वतंत्र रकाना तुमच्या वहीत आहे का, ते पाहा. माझा अंदाज असा की तो नसावा, आणि (B + C)' तुम्ही थेट B आणि C पाहून मनातल्या मनात काढले असावे. कंसाच्या आत जे आहे त्याला स्वतःचा रकाना दिला असता, तर रेघ कशावर आहे हा प्रश्नच आला नसता, कारण नकार घेताना समोर अक्षरे नसतात, आधीच काढून ठेवलेले आठ अंक असतात. दोन मिनिटे वाचवण्यासाठी हाच रकाना बहुतेक जण गाळतात.

रकाना भरून झाला की त्यातल्या 1 ची संख्या मोजायची, ही माझी जुनी सवय. आठ ओळींच्या टेबलात एका चलाच्या किंवा त्याच्या नकाराच्या रकान्यात चार वेळा 1 यायलाच हवा. दोन वेगळ्या चलांच्या गुणाकारात, मग त्यातल्या एखाद्यावर नकार असला तरी, 1 दोनदाच येतो. दोन वेगळ्या चलांच्या बेरजेत तो सहा वेळा येतो, आणि त्या बेरजेच्या नकारात उरलेल्या दोन ओळींत. तुमच्या (B + C)' च्या रकान्यात सहा वेळा 1 होता, तिथे दोनदाच हवा होता. पुस्तक न उघडता एवढ्यावरूनच चूक कळली असती. शेवटच्या रकान्यालाही मर्यादा असते. A·B' मध्ये दोन आणि (B + C)' मध्ये दोन 1 आहेत, तेव्हा त्यांच्या बेरजेत कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार येऊ शकतात. प्रत्यक्षात तीन येतात, कारण 100 या ओळीत दोन्हीकडे 1 आहे आणि ती ओळ एकदाच मोजली जाते. तुमच्या Y मध्ये सहा आले, तेव्हा आधीचा एखादा रकाना चुकला असलाच पाहिजे.

या मोजणीची एक उणीवही लक्षात ठेवा. दोन ओळींतली उत्तरे एकमेकांच्या जागी लिहिली गेली तर 1 ची संख्या बदलत नाही, त्यामुळे तशी चूक मोजून सापडत नाही. तिथे ओळींचा क्रम पुन्हा पाहावा लागतो.

याच पदावलीत इतरांच्या हातून होणाऱ्या चुका वेगळ्या ओळींत दिसतात, त्यामुळे तुमच्या मित्राचे उत्तर वेगळे चुकले असेल तर त्याला तुमचे कारण लागू होणार नाही. एखाद्याची फक्त 100 ही ओळ चुकली असेल, तर त्याने शेवटची बेरीज रोजच्या अंकगणितातली किंवा बायनरी बेरीज समजून केली आहे. तिथे 1 + 1 आहे, आणि बायनरी बेरजेत 10 येऊन एक हातचा जातो व 0 उरतो. इथले + हे चिन्ह ‘किंवा’ आहे, त्यात हातचा नसतो, 1 + 1 = 1. बायनरी बेरीज आणि बूलियन बीजगणित हे दोन्ही विषय अभ्यासक्रमात लागोपाठ येतात, त्यामुळे ही चूक दरवर्षी चार-पाच वह्यांत असतेच. फक्त 000 ही ओळ चुकली असेल तर गुणाकार आधी आणि बेरीज नंतर हा क्रम पाळलेला नाही, पदावली A·(B' + (B + C)') अशी वाचली गेली आहे. A शून्य असल्यामुळे सगळेच शून्य झाले. आणि 001, 010, 011 या तीन ओळी चुकल्या असतील तर A·B' ऐवजी (A·B)' काढले आहे, म्हणजे रेघ तुमच्याप्रमाणे तुटण्याऐवजी उलट जास्त लांब ताणली गेली आहे. तुमच्या आणि या चुकीच्या ओळींत फरक एकाच ओळीचा आहे, 110 च्या जागी 011. म्हणून ‘तीन ओळी चुकल्या’ एवढे सांगून भागत नाही, कोणत्या तीन हे सांगावे लागते.

काही गोष्टी मात्र तुमच्या वर्गावर आणि परीक्षकावर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. ओळींचा क्रम ही त्यातली पहिली. संगणकाच्या वर्गात आपण 000 पासून सुरुवात करतो, कारण त्या बायनरीतल्या ० ते ७ या संख्या आहेत. बारावीच्या गणितातल्या तर्कशास्त्राच्या प्रकरणात मात्र T आणि F वापरतात आणि सुरुवात T T पासून होते, म्हणजे तेच टेबल डोक्यावर उभे केलेले असते. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका क्रमाने भरलेला रकाना दुसऱ्या क्रमाच्या पुस्तकाशी वरून खाली ताडून पाहू नका. पुढे के-मॅप शिकाल तेव्हा 00, 01, 11, 10 असा तिसराच क्रम येईल आणि तो टेबलात शिरू द्यायचा नाही. दुसरी गोष्ट मधल्या रकान्यांची. काही परीक्षक त्यांना वेगळे गुण देतात, काहींना फक्त Y हवा असतो. सरांना विचारून घ्या, पण विचारेपर्यंत सगळे रकाने लिहा.

सरावानंतर एक जवळची वाटही आहे. A·B' हे पद A = 1, B = 0 असलेल्या ओळींतच 1 होते, म्हणजे 100 आणि 101. (B + C)' हे B = 0, C = 0 असलेल्या ओळींत, म्हणजे 000 आणि 100. त्या ओळींसमोर 1 आणि बाकी ठिकाणी 0 लिहिले की Y तयार. चार-पाच चले असलेल्या पदावलीत सोळा किंवा बत्तीस ओळींचे सगळे रकाने काढण्यापेक्षा मी हेच करते. पण ही पद्धत प्रत्येक पदाचा अर्थ बरोबर वाचता येण्यावर उभी आहे, आणि तुमची अडचण सध्या नेमकी तिथेच आहे, म्हणून आणखी पाच-सहा टेबले रकाने मांडूनच भरा.

ताळा पाहण्यासाठी पायथनचा छोटा प्रोग्रॅम पुरतो. खाली Y1 ही दिलेली पदावली आहे आणि Y2 ही तुम्ही वाचलेली.

```
for A in (0, 1):
    for B in (0, 1):
        for C in (0, 1):
            Y1 = (A and not B) or not (B or C)
            Y2 = (A and not B) or (not B or not C)
            print(A, B, C, int(Y1), int(Y2))
```

सर्वांत बाहेरचे आवर्तन A चे असल्यामुळे A सर्वांत सावकाश बदलतो आणि ओळी वहीतल्याच क्रमाने छापल्या जातात. नकारासाठी `not` च वापरा. `~` हे चिन्ह इथे चालत नाही, कारण पायथनमध्ये `~0` चे उत्तर -1 आणि `~1` चे -2 येते आणि दोन्ही खरे मानले जातात. `not (B or C)` मधला कंसही गाळू नका. तो गाळला तर `not` फक्त B ला लागतो, C तसाच राहतो, आणि उत्तर चुकते ते तुमच्या वहीतल्यापेक्षाही वेगळ्या ओळींत. प्रोग्रॅम चालवल्यावर चौथ्या रकान्यात पुस्तकातले 1, 0, 0, 0, 1, 1, 0, 0 दिसेल, आणि पाचव्यात तुम्ही लिहिलेले 1, 1, 1, 0, 1, 1, 1, 0, एकाही अंकाचा फरक न होता.